हात सैल सोडा

चपलेचा नंबर बायका खरा सांगतात, कारण खोटा सांगितला तर चालता येत नाही. ब्लाउजचं माप शिंपी स्वतःच घेतो, त्यामुळे तिथे बोलायला वाव नसतो. बांगडीचं माप मात्र लग्नाच्या वेळी एकदा ठरतं आणि पुढे हाताचं काहीही झालं तरी तेच राहतं. माझ्या मावशीचं माप ‘दोन-चार’. मधल्या काळात त्या हातांनी पोतीच्या पोती पीठ मळलं, दोन मुलगे वाढवले, एकदा सांधेदुखी भोगली आणि साठी ओलांडली. माप दोन-चार. कोणी शंका काढली तर ती एकच पुरावा देते: “कासाराला विचारा.” आणि दुर्दैव असं, की कासारही हो म्हणतो.

हा आकडा लिहितात 2.4 असा, आणि सगळा घोटाळा त्या टिंबात आहे. ते दशांशचिन्ह नाहीच. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळांपैकी चार भाग, रुपयाला सोळा आणे होते तेव्हा ‘दोन रुपये चार आणे’ म्हणत तसं. म्हणून जुन्या बायका दोन-चारला सव्वादोन म्हणतात, दोन-आठला अडीच आणि दोन-बाराला पावणेतीन. आणे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांची पंचाईत होते. माझ्या एका इंजिनियर भाच्यानं बायकोसाठी घरबसल्या बांगड्या मागवल्या. तिचा हात दोन-चारचा. आपण जरा लहान मागवू, नाजूक दिसतील, म्हणून पठ्ठ्यानं 2.10 निवडलं. गणितात दोन पूर्णांक दहा शतांश हे दोन पूर्णांक चार दशांशापेक्षा लहानच असतात. पार्सल उघडलं तेव्हा त्या बांगड्या बायकोच्या कोपरापर्यंत बिनविरोध गेल्या.

माप आतल्या व्यासाचं असतं, काचेच्या एका आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत. दोन-चार म्हणजे साधारण 57 मिलिमीटर, दोन-सहा 60, दोन-आठ साडेत्रेसष्ट. घरात बसणारी एखादी बांगडी असेल तर ती पट्टीवर ठेवून हे पाच सेकंदांत कळतं. नसेल तर शिवणाची टेप घ्यायची. इथे बहुतेक जण मनगट मोजतात, आणि मनगटाचा या कारभाराशी काही संबंध नाही. बांगडी मनगटावर राहते, पण तिथवर जाताना तिला बोटांच्या मुळांचा आणि अंगठ्याच्या बुडाचा घाट चढावा लागतो. मोजायचा तो घाट. पाची बोटं जुळवायची, अंगठा तळहाताच्या आत करंगळीच्या मुळाकडे न्यायचा, आणि हात जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे टेप फिरवायची, न आवळता.

आता एक गंमत आहे, आणि ती मला कोणत्याही कासारानं सांगितली नाही, कारण त्याचा धंदा त्यावर चालत नाही. मापं दोन-दोन भागांनी वाढतात, म्हणजे व्यास इंचाचा आठवा हिस्सा वाढतो, आणि त्याचा घेर होतो जवळजवळ बरोबर एक सेंटिमीटर. त्यामुळे कोष्टक पाठ करायची गरजच नाही. टेप 17 सेंटिमीटर सांगत असेल तर दोन-दोन, 18 ला दोन-चार, 19 ला दोन-सहा, 20 ला दोन-आठ, 21 ला दोन-दहा. मधला आकडा आला तर वरचं माप. दोन्ही हात मोजायचे. कामाचा हात बहुधा थोडा मोठा निघतो, आणि माप त्याचं धरायचं.

धाकट्या मावसभावाच्या लग्नात मी मावशीचा हात मोजला. निघाला 19.3 सेंटिमीटर. म्हणजे सुखाचं माप दोन-आठ. दोन-सहा जरा रेटून गेली असती. दोन-चारचा घेर तिच्या हातापेक्षा सव्वा सेंटिमीटरहून जास्त कमी. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “तुझी टेप सैल झालीय.”

टेप सैल होत नसते, पण वाद घालायला वेळ नव्हता. कासारमामा ओसरीवर पेटारा उघडून बसले होते आणि घरातल्या, शेजारच्या आणि कारण नसताना आलेल्या अशा सगळ्या बायका बांगड्या भरायला रांगेत होत्या.

कासाराचं काम जवळून पाहिलं नसेल तर पाहा. तो हाताचा पंजा हातात घेतो आणि पहिलं वाक्य म्हणतो, “ताई, हात सैल सोडा.” जगात कोणालाही हात सैल सोडा म्हटलं की हात ताठ होतो. मग तो हवापाण्याचं काढतो, नवरी कुठली, जेवणात काय आहे, आणि तुम्ही उत्तर द्यायला लागलात की त्याचा अंगठा तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी जाऊन बसलेला असतो. तळहातात पाच लांब हाडं असतात. त्यांतली तर्जनी आणि मधल्या बोटाची जवळजवळ हलत नाहीत, पण अंगठ्याचं हाड मोकळं असतं, आणि करंगळी-अनामिकेची थोडी वाकतात. कासार हे कुठल्या पुस्तकात शिकलेला नसतो, पण दाबतो नेमकं त्याच दोन बाजूंनी, आणि पंजाची अख्खी कमान आत मिटते. मग बांगडी सरळ ढकलत नाही. ती तिरकी धरतो, एका वेळी एकच उंचवटा ओलांडतो, आणि पुढे मांसाची जी वळकटी साचते ती दुसऱ्या हातानं बांगडीखालून अलीकडे ओढून घेतो. अडते ती हाडापेक्षा जास्त या वळकटीनं. आपण घरी एकट्यानं जोर लावतो तेव्हा ती वळकटी पुढे पुढे सरकत जाते, आणि आपण बांगडीला शिव्या देतो.

मावशीच्या हातात दोन-चार गेली. एक नाही, डाव्या हातात अकरा गेल्या आणि उजव्या हातात दहा. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं मुलगा दूर जाणार म्हणून आलं असं सांगितलं. मुलगा वरच्या मजल्यावर राहायला जाणार होता.

“बघ,” ती मला म्हणाली, “दोन-चारच.”

माझं म्हणणं इतकंच आहे, की कासाराला जी घालता येते ती त्याच्या कौशल्याची मोजणी असते. तुमचं माप म्हणजे तुम्हाला एकटीला, ओल्या हातानं, कोणाला हाक न मारता जी काढता येते ते. घालताना दोन हात कासाराचे असतात आणि शिवाय एक तुमचा. काढताना तुमचा एकच उरतो, कारण दुसऱ्यात बांगड्या असतात. पण हे ओसरीवर बोलायची सोय नव्हती. रांगेतल्या प्रत्येक बाईचं माप कासारमामांनी डोळ्यांनी ओळखलं होतं आणि प्रत्येकीला तिच्या मनातलाच आकडा मोठ्यानं सांगितला होता. त्यांच्या धंद्याचं खरं कौशल्य हे असावं. जिचा हात अडीचवरच जाईल तिला ते म्हणत, “ही दोन-सहाच, पण भट्टी जरा मोठी आहे.”

घालताना त्यांच्या हातून दोन पिचल्या, आणि त्या त्यांनी आपल्या हिशोबात धरल्या. या एका नियमामुळे कासार माल घेतानाच पारखून घेतो. त्याची पारख मी बघत होते. डझनाची वेटोळी दोन बोटांवर अडकवून तो हलकेच झुलवतो. सगळ्या शाबूत असतील तर आवाज स्वच्छ किणकिणतो. एखादीला चीर असेल तर मध्येच एक बद्द आवाज येतो, आणि तो डझन तो परत पेटाऱ्यात टाकतो किंवा, गिऱ्हाईक बहिरं असेल तर, टाकत नाही. मग एकेका बांगडीवर नखाची कड फिरवतो. हे मात्र आपल्यालाही जमण्यासारखं आहे, आणि ते समजायला बांगडी जन्मते कशी हे माहीत हवं.

आपल्या हातातली काचेची बांगडी बहुधा उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादची असते. तिथे भट्टीतून काचेची लोंबती तार फिरत्या दांड्यावर गुंडाळली जाते आणि लांबलचक सर्पिल तयार होतं. ते थंड झाल्यावर त्यावर आडवी रेघ मारून एकेक वेढा सुटा करतात. म्हणजे या टप्प्यावर बांगडी बंद नसतेच. तिची दोन्ही टोकं उघडी असतात आणि वर-खाली झालेली असतात. ती ज्योतीवर धरून आधी एका पातळीत आणतात, त्याला सधाई म्हणतात, आणि मग टोकं तापवून चिकटवतात, ती जुडाई. ही दोन्ही कामं मोठ्या प्रमाणावर घराघरांत, छोट्या ज्योतीपुढे बसून होतात. एवढ्याच तुकड्याला ताप लागलेला असतो आणि बाकी बांगडी गार, त्यामुळे सांध्यापाशी काचेत ताण अडकून राहतो. नखाला जिथे पायरी लागते किंवा बारीक खड्डा लागतो तो सांधा नीट बसलेला नाही, आणि ती बांगडी एक दिवस कणीक मळताना, कोणी काही न करता, दोन तुकडे होऊन परातीत पडणार. घरातले म्हणतात नजर लागली. नजर लागली नाही, नख लावलं नव्हतं. हाताचं काम असल्यामुळे एकाच डझनात एखादी किंचित लंबगोलही निघते. टेबलावर ठेवून फिरवली की ती डुलते. तशी असेल तर ती आधी बाजूला काढावी. ही पुढे गोष्टीत येणार आहे.

काच दाबाला भरभक्कम आणि ताणाला नाजूक. बांगडी दाबली की ती किंचित लंबगोल होते, आणि मग तिच्या काही भागांवर ताण येतो. त्या जागी आधीच एखादा ओरखडा असेल तर तडा तिथून सुरू होतो. म्हणून नवी बांगडी दणका सोसते आणि वर्षभर वापरलेली साध्या धक्क्यानं जाते. ओरखडा पाडणारे कोण, याबद्दल आमच्याकडे सोन्यावर संशय असतो. तो अन्याय आहे. सोनं काचेपेक्षा पुष्कळ मऊ आहे, दोघं घासले तर झिजणार सोनं. पाटल्यांची कड काचेनं खाल्लेली मी पाहिली आहे, आणि तरी सासवा सुनेला सांगतात की पाटल्या काचेला लागू देऊ नकोस, बांगडी वाढेल. काचेला ओरखडे पाडतात ते खड्यांच्या बांगड्या आणि भांडी घासायची वाळू. दोन्ही टोकांना सोनं आणि मध्ये काच ही जुनी मांडणी मात्र शहाणपणाची आहे, कारण ओट्याची कड आधी पुढच्या बांगडीला लागते, आणि पुढे सोनं असलं की ते पोचा घेतं आणि गप्प बसतं.

फुटायची भीती म्हणून सैल माप घ्यायचं हा उपाय नव्हे. सैल बांगडी हात वर केला की कोपराकडे धावते आणि खाली केला की पंजावर आपटते, दिवसभर. माझी चुलत बहीण बसमध्ये वरचा दांडा धरते आणि स्टॉपमागे एक वाढवते. बांगडी मनगटावर गोल फिरायला हवी, पण हात खाली सोडल्यावर पंजाच्या घाटापाशी येऊन थांबायला हवी. जी थांबत नाही ती मोठी.

तर लग्न झालं. पूजा झाली. पाहुणे गेले, आणि जाताना कुणीतरी न्हाणीघरात साबण जमिनीवर ठेवून गेलं. मावशीचा पाय घसरला आणि डावा हात टेकला गेला. चुड्याला काही झालं नाही. मनगटात मात्र कळ आली.

इथे वेळेला किंमत असते. मार लागलेला हात पहिल्या काही मिनिटांत फारसा सुजत नाही, नंतर सुजतो, आणि काच ताणली जात नाही. सुजणाऱ्या मनगटाभोवती न ताणणारी अकरा कडी म्हणजे आत रक्ताची कोंडी. म्हणून हाताला मार लागला की पहिलं काम बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढणं, आणि मग बर्फ, हळद आणि दोषारोप. आमच्याकडे क्रम उलटा लागला. मावशी म्हणाली, “लग्नाचा चुडा असा लगेच उतरवतात का?” काका म्हणाले साबण कुणी ठेवला ते आधी कळलं पाहिजे. थोरल्या वहिनीनं साबणाचं नाव काढल्यावर तोच साबण आणला, शेजारच्या काकूंनी खोबरेल, कुणी तूप, कुणी शॅम्पू. एवढं सगळं एका हातावर ओतलं असतं तर बांगड्या निघाल्या नसत्या, पण मावशी पुन्हा घसरली असती.

नवी सून हॉस्पिटलात सिस्टर आहे. ती लग्नाच्या आठवड्यात नवरीनं जितकं गप्प राहायचं तितकं गप्प होती. मग ती उठली, सासूपुढे बसली आणि म्हणाली, “आई, बोटं हलवून दाखवा.” बोटं हलत होती, हात वाकडा दिसत नव्हता, बोटांना स्पर्श कळत होता. “ठीक आहे. हात उशीवर उंच ठेवा. दुखलं की सांगा, मी थांबेन.” हात वाकडा झाला असता, किंवा बोटं निळी, गार किंवा बधिर पडली असती, किंवा जखम असती, तर तिनं कशालाच हात लावला नसता, तडक दवाखाना, असं तिनं नंतर मला सांगितलं. मोडलेल्या हाडावरून बांगडी ओढायची नसते.

मग तिनं स्वयंपाकघरातून भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी मागवली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. पिशवी तिनं मोज्यासारखी मावशीच्या पंजावर चढवली आणि तिचं तोंड सगळ्यात पुढच्या बांगडीखालून कोपराकडे सरकवलं. ते सहज गेलं, कारण मनगट पंजापेक्षा बारीक असतं आणि सूज अजून फार नव्हती. आता बांगडीखाली कातडी नव्हती, प्लॅस्टिक होतं. त्यावर थोडंसं खोबरेल. अंगठा करंगळीच्या मुळाकडे, बांगडी तिरकी, एक उंचवटा, मग दुसरा. कातडी पिशवीच्या आत राहिल्यामुळे पुढे वळकटी साचेना. बांगडी पिशवीवरून घसरत बाहेर आली आणि तिनं ती ताटलीत ठेवली. जी बोटांच्या सगळ्यात जवळ ती आधी, एका वेळी एकच. दोन एकदम काढायचा मोह बघणाऱ्यांनाच होतो, आणि दोन बांगड्या एकमेकींवर चढल्या की त्यांतली एक जाते.

सातव्या बांगडीला मावशीनं विचारलं, “हे तुमच्या अभ्यासात असतं का?”

“नाही आई. आमच्या आजीकडे असतं. अभ्यासात अंगठी असते.”

दहा निघाल्या. अकरावी सगळ्यात आत होती, आणि तोवर मनगटाची सूज दिसायला लागली होती. तीच ती किंचित लंबगोल. तिचा अरुंद व्यास पंजाच्या रुंद बाजूला आडवा येई. सुनेनं ती फिरवून पाहिली, हात उंच धरून थोडा वेळ थांबली, पुन्हा पाहिलं. मावशीनं ओठ दाबले. सून थांबली. “ही तोडावी लागेल.”

तेवढ्यात काका हॅक्सॉ घेऊन हजर झाले होते. त्यांनी तो कधीतरी नळाच्या पाइपासाठी घेतला होता आणि तेव्हापासून ते संधीची वाट पाहत होते. लोखंडाच्या पात्यानं काच कापली जात नाही. पातं घसरतं, आणि घसरून जातं कुठे तर मनगटावर. मग शेजारच्या काकूंनी जुना मार्ग सुचवला, दगडावर आपटायची. तो सगळ्यात वाईट. आपटल्यावर काच आतल्या बाजूला येते, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला कातडीच्या लगेच खाली शिरा, नसा आणि बोटांचे स्नायुबंध असतात.

आपटून बांगड्या फोडण्याची आपल्याकडे एक जागा होती, आणि तिथे बाईचा हात दुसऱ्या बायका धरत असत. त्या बांगड्या साबणानं निघाल्या असत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 मध्ये विधवेच्या बांगड्या फोडण्यासकट त्या सगळ्या प्रथा बंद करायचा ठराव केला. तोवर अशा फोडलेल्या बांगड्यांमुळे किती मनगटं कापली गेली याची नोंद कुणी ठेवली नसावी.

सुनेनं काकांच्या हातून हॅक्सॉ घेतला आणि पक्कड मागितली. जुन्या लग्नपत्रिकेची जाड पट्टी कापून ती बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवली. पत्रिका उरलेली होतीच, तीन गठ्ठे. मावशीला चष्मा घालायला लावला आणि स्वतःही घातला. बांगडीवर ओल्या पंच्याची दुहेरी घडी टाकली, म्हणजे तुकडे उडणार नाहीत. हात असा फिरवला की मनगटाची मागची, हाडाची बाजू वर आली, आणि पंच्यावरून पक्कडीत बांगडीचा काठ धरला, म्हणजे काचेची स्वतःची जाडी, दोन इंचांचं वर्तुळ नव्हे. हळूच दाब दिला. टक्.

“झालं?” मावशी.

“अर्धं.”

आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. धातूची अंगठी एका ठिकाणी कापली की वाकवून उघडता येते. काच वाकत नाही. एका ठिकाणी तडकलेली बांगडी तशीच हातात बसून राहते, फक्त आता तिला धार असते. म्हणून दुसरा तुकडा पहिल्याच्या समोरच्या बाजूला पाडावा लागतो. मधल्या वेळात ओढायचं नाही, फिरवायचं नाही. तिनं पत्रिकेची पट्टी पलीकडे सरकवली, पंचा पुन्हा घातला, पुन्हा टक्. दोन अर्धगोल पंच्यातच पडले. हात चोळला नाही. नळाच्या धारेखाली धरला, कारण कातडीवर काचेची बारीक कणी असेल तर ती पाण्यानं वाहून जाते आणि चोळल्यानं आत जाते.

एका जागी तांबूस रेघ होती. तेव्हा मावशीला वाटलं आता तरी रडायला हरकत नाही. सून म्हणाली एक्स-रे काढायला जायचंच आहे, काच आत राहिली असेल तर त्यात दिसायची शक्यता बरीच आहे. हे मला नवं होतं. काच पारदर्शक, ती एक्स-रेमध्ये कशी दिसेल? पण प्रकाशाला पारदर्शक असलेली वस्तू एक्स-रेला तशी असेलच असं नाही. साधी काचही मांसापेक्षा घट्ट, त्यामुळे तिची सावली पडते. फार बारीक कणी मात्र निसटू शकते, म्हणून टोचत राहिलं तर डॉक्टरांना ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानू देऊ नये. मनगटाच्या एक्स-रेला बांगड्या काढायला लावतात त्याचं कारणही हेच. त्या दिसतात, आणि नेमक्या हाडावर रेघ पाडून बसतात. सुदैवानं हाड शाबूत निघालं आणि रेघेत काच नव्हती. मुरगळलं होतं. आठवडाभर पट्टा, स्वयंपाक बंद.

उजव्या हातातल्या दहा बांगड्यांचा प्रश्न मावशीनं स्वतःच सोडवला. पट्टा लावून परतल्यावर तिनं पिशवी मागवली आणि सुनेकडे हात पुढे केला. पण अट घातली, की कुणी विचारलं तर घट्ट होत होत्या म्हणून नाही, जोडीला बरं दिसत नाही म्हणून काढल्या.

राहता राहिली जमीन. बांगडी पंच्यातच फुटली असली तरी एखादी कणी बाहेर गेली असेल, आणि हिरवी काच हिरव्या फरशीवर दिसत नाही. झाडूनं ती झाडूच्या केसांत अडकते आणि दुसऱ्या खोलीत जाते. आधी उजेड बंद करायचा आणि विजेरी जमिनीला लावून आडवी धरायची. उभ्या उजेडात न दिसणारी कणी आडव्या उजेडात चमकते. मग ती ओल्या वर्तमानपत्रानं टिपायची, किंवा कणकेचा छोटा गोळा दाबून उचलायची, आणि तो गोळा कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहून कचऱ्यात टाकायचा, कारण घंटागाडीवाल्याच्या हातात मोजे असतीलच असं नाही. काकांना हे काम दिलं. हॅक्सॉ परत ठेवावा लागल्याचं दुःख ते त्यात बुडवत होते. रात्री शेजारचे आजोबा औषध मागायला आले तर घरात अंधार, आणि काका पोटावर पालथे पडून विजेरी लावून फरशी न्याहाळत होते, हातात कणकेचा गोळा.

आजोबांनी थोडा वेळ पाहिलं आणि मावशीला हळूच विचारलं, “उंदीर?”

“नाही,” मावशी म्हणाली. “मुलाचं लग्न झालं ना.”